ब्लेंडरमध्ये फडकणारा ध्वज: कापड का बिघडतं, मध्येच का गोठतं आणि रेंडरमध्ये का बदलतं?

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, मागे पावसाळी आभाळ आणि वर वाऱ्यावर फडफडणारा दोन टोकांचा भगवा. शिवजयंती किंवा गणेशोत्सव जवळ आला की अशी थ्रीडी रील्स मोबाइलवर दिसायला लागतात. त्यातली बरीचशी ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तयार होतात. वाड्याचं मॉडेल नीट जमतं, उजेडही जमतो आणि गाडी अडते ती ध्वजापाशी. प्ले केल्यावर ध्वज छान फडकतो, पण रात्रभर रेंडर लावून सकाळी पाहावं तर तो पत्र्यासारखा ताठ असतो. कधी आठव्या सेकंदाला जागीच गोठतो. कधी त्याच्या कापडातून काटे बाहेर आलेले असतात.

या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत. ती समजून घेण्यासाठी एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून पाहू: दिल्ली दरवाज्यावरचा ३ मीटर लांब आणि २ मीटर उंच ध्वज, दहा सेकंदांच्या रीलसाठी.

ब्लेंडरच्या लेखी कापड म्हणजे काय?

ब्लेंडरला सूत, वीण किंवा धागा यातलं काही कळत नाही. त्याच्यासाठी कापड म्हणजे जाळीवर मांडलेले बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या स्प्रिंगा. प्रत्येक बिंदूला वजन असतं. काही स्प्रिंगा ताण सोसतात, काही दाब सोसतात, काही कापड तिरकं खेचलं जाऊ देत नाहीत आणि काही ते दुमडायला विरोध करतात. दर फ्रेमला ब्लेंडर प्रत्येक बिंदूवरचं बळ मोजतो: गुरुत्वाकर्षण, वारा आणि शेजारच्या स्प्रिंगांची ओढ. त्यावरून तो बिंदू पुढच्या क्षणी कुठे असेल ते ठरतं.

पुढची जवळजवळ प्रत्येक अडचण इथूनच निघते. फ्रेम २०० मधला ध्वज कसा दिसेल हे फ्रेम १९९ वर अवलंबून असतं, १९९ चा १९८ वर, आणि असं करत पार पहिल्या फ्रेमपर्यंत. म्हणजे ध्वजाला इतिहास असतो. तो नोंदवून ठेवला नाही, तर मधल्या एखाद्या फ्रेमवर थेट उडी मारल्यावर ध्वज कसा असावा हे ब्लेंडरला सांगता येत नाही.

स्प्रिंगांचं हे गणित संगणकावर सहज कोलमडू शकतं. कडक स्प्रिंग आणि मोठं पाऊल एकत्र आले की बिंदू योग्य जागा ओलांडून पलीकडे जातो. पुढच्या पावलाला त्याहून जोरात मागे येतो, आणि दोन-चार फ्रेममध्ये कापडाच्या चिंध्या होतात. डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी १९९८ साली मोठी पावलं टाकूनही गणित सावरून धरणारी पद्धत मांडली. ब्लेंडरचं कापड त्याच जातीची पद्धत वापरतं. तिने धोका कमी झाला, संपला मात्र नाही.

आधी आकार, मग जाळी

ध्वज खऱ्या मापाचा हवा. ब्लेंडरमधलं गुरुत्वाकर्षण मीटरच्या हिशोबाने चालतं. वाड्याचं मॉडेल कुठून तरी डाउनलोड केलेलं असेल आणि त्यात दरवाजाच दोनशे मीटर उंच असेल, तर त्याला शोभेल असा ध्वज अजस्र होतो आणि पाण्याखाली असल्यासारखा संथ हलतो. अशा वेळी सेटिंगशी झटापट करण्यापेक्षा वाडाच लहान करावा.

ध्वज बनवायला साधा प्लेन घ्यायचा. तो २ मीटर चौरस असतो. X दिशेला १.५ पट केला की ३ बाय २ मीटर होतो. मग X अक्षाभोवती ९० अंश फिरवून उभा करायचा आणि `Ctrl+A` दाबून `Rotation & Scale` लागू करायचं. ही पायरी गाळली तर आतल्या गणितातलं माप आणि पडद्यावरचं माप यांचा मेळ राहत नाही.

आता दोन टोकं. बरेच जण आधी बारीक जाळी करतात आणि मग मधला त्रिकोण खोडतात. त्याने कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते आणि फडकताना ती लगेच नजरेत येते. त्यापेक्षा एडिट मोडमध्ये प्लेनच्या मधोमध एकच आडवा लूप कट द्यावा. त्यामुळे उभ्या कडांवर मध्यभागी एकेक बिंदू येतो. काठी उजवीकडे असेल, तर डाव्या कडेचा तो मधला बिंदू निवडून `G`, `X`, `1.2` असा आत ढकलायचा. सहा बिंदूंतच दोन टोकांचा ध्वज तयार. त्यानंतर जाळी करायची: `Ctrl+R` ने उभे ५९ कट, आणि वरच्या व खालच्या अर्ध्या भागात प्रत्येकी १९ आडवे कट. लांबीत ६० घरं, उंचीत ४० घरं आणि एकूण २,५०१ बिंदू होतात. वरच्या कडेला घराची रुंदी ५ सेंटिमीटर असते, खाचेजवळ ३ सेंटिमीटर. खाचेची कड सरळ राहते, कारण घरं तिच्याच कलाने तिरकी झालेली असतात.

काठी उजवीकडेच का, यालाही कारण आहे. दिल्ली दरवाज्याचं तोंड उत्तरेला आहे. समोरच्या पटांगणात उभं राहून पाहिलं की पश्चिम आपल्या उजव्या हाताला येते. पुण्यात पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून वाहतो. म्हणजे पावसाळी आभाळ दाखवायचं असेल तर ध्वज उजवीकडून डावीकडे उडायला हवा. रीलमध्ये हे कोण तपासणार, असं वाटू शकतं. पण पुणेकर तपासतात.

जाळीबाबत एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. कापडाच्या सेटिंगमधलं `Vertex Mass` हे अख्ख्या कापडाचं वजन नसून एकेका बिंदूचं वजन आहे. २,५०१ बिंदू आणि प्रत्येकी ०.१५ किलो, म्हणजे कागदोपत्री आपला ध्वज ३७५ किलोचा झाला! वाऱ्याचे आकडे शेकड्यांत का द्यावे लागतात याचं उत्तर यातच आहे. आणि हाच ध्वज कुणी उत्साहाने १२० बाय ८० घरांचा केला, तर बिंदू ९,८०१ होतात. वजन जवळजवळ चौपट होतं, वारा मात्र तेवढाच राहतो. काल मस्त फडकणारा ध्वज आज काठीला लोंबायला लागतो. शिवाय काठीपासून टोकापर्यंत स्प्रिंगांची साखळी लांबल्यामुळे कापड जास्त ताणलं जातं. म्हणून जाळी आधी पक्की करायची आणि मग सेटिंगला हात घालायचा.

काठीला बांधणं

खऱ्या ध्वजाला एका कडेला नेफा शिवलेला असतो आणि त्यातून काठी जाते. इथे नेफ्याचं काम `Pin Group` करतो. उजव्या कडेचे ४१ बिंदू निवडायचे, त्यांचा एक व्हर्टेक्स ग्रुप करून वजन १ द्यायचं, मग फिजिक्सच्या टॅबमधून `Cloth` लावून `Shape` खाली तो ग्रुप निवडायचा. हे बिंदू आता गणितातून बाहेर पडतात आणि आहेत तिथेच राहतात.

काट्यांचं पहिलं मोठं कारण इथेच सापडतं. काठी खरी वाटावी म्हणून तिला `Collision` लावलं जातं. नेफ्याचे बिंदू काठीला चिकटलेले किंवा तिच्या आतच असतात. टक्कर टाळणारं गणित कापडाला बाहेर ढकलतं, पिन त्याला आत धरून ठेवते, आणि या ओढाताणीत शेजारचे बिंदू थरथरायला लागतात. थरथर फक्त काठीलगत असेल तर दुसरीकडे शोधायची गरज नाही. उपायही सोपा आहे: उडणाऱ्या ध्वजासाठी काठीला `Collision` लावूच नये. वारा ध्वजाला काठीपासून दूरच नेत असतो.

वारा

`Add` मधून `Force Field` आणि त्यात `Wind` घेतला की एक बाण मिळतो. वारा या बाणाच्या Z दिशेने वाहतो. डावीकडे वाहायला हवा, म्हणून `R`, `Y`, `-90`. बाण कुठे ठेवला याने मूळ सेटिंगमध्ये फरक पडत नाही, तो कुठे रोखला आहे याने पडतो.

आता `Strength` ३०० देऊन प्ले केलं तर बहुतेकांची निराशा होते. ध्वज उडतो, सरळ होतो आणि फळीसारखा स्थिर राहतो. हा बिघाड म्हणता येत नाही. खऱ्या ध्वजाची फडफड त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहणाऱ्या हवेतून, तिच्या भोवऱ्यांतून येते. ब्लेंडरचा वारा म्हणजे हवा नव्हे, तो फक्त एका दिशेचा जोर आहे. ध्वजाभोवती हवा कशी वळते याचा हिशोब तो करत नाही. त्यामुळे फडफड बाहेरून घालावी लागते.

त्यासाठी दोन गोष्टी पुरतात. पहिली, वारा ध्वजाच्या पातळीत अगदी समांतर ठेवायचा नाही, दहा-पंधरा अंश तिरका करायचा. दुसरी, वाऱ्याला थोडा `Noise` द्यायचा, साधारण २, आणि सोबत `Turbulence` नावाचं दुसरं बलक्षेत्र ठेवायचं. त्याच्या `Size` वर लाटांचा आकार अवलंबून असतो. फार लहान ठेवला तर ध्वज फडकण्याऐवजी नुसता शहारतो. ध्वजाच्या लांबीच्या निम्म्याच्या आसपास ठेवून पाहिला तर लाट काठीपासून टोकाकडे धावताना दिसते. झुळूक आणि झोत यातला फरक हवा असेल तर `Strength` ला कीफ्रेम देऊन तो १५० ते ४०० मध्ये हळूहळू वरखाली करता येतो. एका फ्रेममध्ये एकदम वाढवला तर कापडाला धक्का बसतो.

टिकणारी सेटिंग

सुरुवातीला `Cotton` हा तयार संच घ्यावा आणि त्यात दोनच बदल करावेत: `Vertex Mass` ०.३ वरून ०.१५, आणि `Stiffness` मधलं `Bending` ०.५ वरून ०.१. ध्वजाचं कापड सदऱ्याच्या कापडापेक्षा हलकं आणि लवकर वळणारं असतं, एवढाच त्यामागचा विचार आहे. `Quality Steps` मुळात ५ असतं, ते १० करावं. एका फ्रेमचा हिशोब किती तुकड्यांत करायचा ते हा आकडा सांगतो. तुकडे जास्त तर पाऊल लहान, आणि पाऊल लहान तर कोलमडण्याचा धोका कमी. वेळ अर्थातच वाढतो.

आता नीट पाहायचं ते झोताच्या वेळी. ध्वजावर चिन्ह किंवा चौकटींचं टेक्स्चर लावलेलं असेल तर लगेच कळतं: चौकटी लांबट होऊ लागल्या, ध्वजाची टोकं रबरासारखी पुढे जाऊन परत यायला लागली, की ताण सोसणाऱ्या स्प्रिंगा कमी पडत आहेत. मग `Tension` आणि `Compression` १५ वरून ४० करायचे. पण इथे एक जोडी लक्षात ठेवावी लागते. स्प्रिंग कडक केली की पाऊलही लहान करावं लागतं, म्हणून त्यासोबत `Quality Steps` १५ करायचं. कापड ताणतं म्हणून एकटी `Tension` वाढवत नेणारे लोक तासाभराने काटे का आले असं विचारतात, ते यामुळेच.

`Air Viscosity` हा आकडा हवेच्या दाटपणासाठी आहे. थरथर लपवण्यासाठी तो १ वरून ५ किंवा १० करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. थरथर जाते खरी, पण ध्वज मधात बुडाल्यासारखा हलतो. रोग तसाच ठेवून भूल देण्याचा हा प्रकार आहे.

`Self Collisions` सगळ्यात शेवटी चालू करावं. दोन टोकांचा ध्वज असल्यामुळे ते लागतंच, कारण झोत ओसरताना दोन्ही टोकं एकमेकांवर आपटतात आणि एरवी एकमेकांतून आरपार जातात. तिथलं `Distance` मुळात ०.०१५ मीटर म्हणजे दीड सेंटिमीटर असतं. आपल्या जाळीतलं सगळ्यात अरुंद घर ३ सेंटिमीटरचं आहे, त्यामुळे हे अंतर चालतं. हेच अंतर घरापेक्षा मोठं झालं तर शेजारी बिंदू जन्मतःच एकमेकांच्या फार जवळ आहेत असं गणित मानतं आणि त्यांना दूर ढकलत राहतं. पहिल्याच फ्रेमला अख्खा ध्वज फुगला किंवा चुरगळला, तर आधी हे अंतर पाहायचं.

थोडक्यात बिघाड कुठे आणि कधी होतो त्यावरून कारण ओळखता येतं. काठीलगत असेल तर टक्कर. पहिल्या फ्रेमलाच असेल तर अंतर किंवा लागू न केलेलं माप. झोताच्या वेळी असेल तर कडक स्प्रिंगा आणि कमी तुकडे. एका वेळी एकच आकडा बदलून पाहणाऱ्याला हे लवकर सापडतं.

कॅश: रेंडरमधला ध्वज वेगळा का दिसतो?

रील दहा सेकंदांचं आणि वेग ३० फ्रेमचा, म्हणजे ३०० फ्रेम हव्यात. पण ध्वजाची सुरुवात इस्त्री केलेल्या सपाट कापडाने होते. त्याला वाऱ्यात स्थिरावायला वेळ लागतो आणि तो भाग प्रेक्षकाला दाखवायचा नसतो. म्हणून कापडाचा हिशोब फ्रेम १ पासून ४०० पर्यंत करायचा आणि रेंडर १०१ पासून ४०० पर्यंत. ब्लेंडरचा मूळ वेग २४ फ्रेमचा असतो. तो ३० करायचा असेल तर आत्ताच, सेटिंग जुळवण्याच्या आधी.

आठव्या सेकंदाला गोठणाऱ्या ध्वजाचं रहस्य `Cache` च्या खान्यात दडलेलं असतं. तिथलं `End` मुळात २५० असतं. टाइमलाइन ४०० केली तरी हा आकडा आपोआप बदलत नाही. २५० नंतर नोंदच नाही, म्हणून कापड शेवटच्या अवस्थेत थांबतं. ३० फ्रेमच्या वेगाने २५० फ्रेम म्हणजे सव्वाआठ सेकंदांच्या जरा पुढे. इथे ४०० लिहायचं.

आता मूळ प्रश्न. प्ले केल्यावर ब्लेंडर प्रत्येक फ्रेमची अवस्था तात्पुरती लक्षात ठेवतो. पण एखादं सेटिंग बदललं की ही नोंद रद्द होते. मग टाइमलाइनच्या मधूनच रेंडर सुरू केलं तर मागचा इतिहास नसतो आणि ध्वज ताठ किंवा भलत्याच अवस्थेत दिसतो. दोन-तीन संगणकांवर फ्रेम वाटून रेंडर करताना तर हे हमखास होतं, कारण दुसऱ्या संगणकाने पहिल्या दोनशे फ्रेम पाहिलेल्याच नसतात.

उपाय म्हणजे बेक करणं. क्रम महत्त्वाचा आहे. आधी फाइल शेवटच्या नावाने सेव्ह करायची, समजा `dhwaj_v01.blend`. मग `Disk Cache` ला खूण करायची आणि `Bake` दाबायचं. फाइलच्या शेजारी `blendcache_dhwaj_v01` नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात दर फ्रेमची एक `.bphys` फाइल पडत जाते. बेक पूर्ण झालं की कापडाची सेटिंग करडी होऊन बंद होतात आणि बटणावर `Delete Bake` दिसतं. यानंतर रंग, कॅमेरा, उजेड खुशाल बदलावा. ध्वजाची जागा मात्र बेकच्या आधीच पक्की केलेली बरी.

नोंद खरोखर झाली आहे का, हे रेंडरच्या आधी मिनिटभरात तपासता येतं. फ्रेम २८७ वर उडी मारायची आणि एखादी ठळक चुणी पाहून ठेवायची. मग १२० वर जायचं आणि परत २८७ वर यायचं. तीच चुणी त्याच जागी दिसली तर काम झालं. ब्लेंडर बंद करून पुन्हा उघडून हेच एकदा करावं.

फोल्डरच्या नावात फाइलचं नाव आहे, याचा फटका बऱ्याच जणांना बसतो. बेक झाल्यावर `Save As` करून फाइलचं `dhwaj_v02.blend` केलं की ब्लेंडर `blendcache_dhwaj_v02` शोधायला लागतो आणि ते कुठेच नसतं. जुन्या फोल्डरची प्रत काढून तिला नवं नाव दिलं की प्रश्न सुटतो. मित्राला पेन ड्राइव्हवर फक्त `.blend` फाइल दिली तरी हेच होतं. फोल्डर सोबत द्यावंच लागतं. कॅशच्या यादीत नोंदीला स्वतःचं नाव देऊन ठेवणंही चांगलं, म्हणजे पुढे ऑब्जेक्टचं नाव बदललं तरी नोंद हरवत नाही.

शेवटचा सापळा सगळ्यात फसवा. ध्वज गुळगुळीत दिसावा म्हणून `Subdivision Surface` लावलं जातं. मॉडिफायरच्या यादीत ते `Cloth` च्या वर असेल तर कापडाचा हिशोब त्या वाढलेल्या बिंदूंवर होतो. आणि या मॉडिफायरला पडद्यासाठी वेगळी पातळी असते, रेंडरसाठी वेगळी. मूळ आकडे अनुक्रमे १ आणि २. म्हणजे पडद्यावर बेक केलेल्या ध्वजाचे बिंदू आणि रेंडरच्या वेळचे बिंदू यांची संख्याच जुळत नाही. नोंद निरुपयोगी ठरते आणि पडद्यावर फडकणारा ध्वज रेंडरमध्ये पत्रा होतो. यादीत `Cloth` सगळ्यात वर, त्याखाली `Subdivision Surface`, आणि कापडाला जाडी हवी असेल तर त्याखाली `Solidify`, हा क्रम ठेवला की हिशोब २,५०१ बिंदूंवरच होतो आणि गुळगुळीतपणा नंतर चढतो. जुना संगणक असणाऱ्यांसाठी तर हा मोठाच दिलासा आहे.

संगणक रात्रभर एकटा सोडायचा असेल तर ब्लेंडरची खिडकी न उघडताही बेक आणि रेंडर करता येतं. पहिली ओळ बेक करून फाइल सेव्ह करते, दुसरी हव्या त्या फ्रेम रेंडर करते:

```
blender -b dhwaj_v01.blend --python-expr "import bpy; bpy.ops.ptcache.bake_all(bake=True); bpy.ops.wm.save_mainfile()"
blender -b dhwaj_v01.blend -s 101 -e 400 -a
```

रेंडर थेट व्हिडिओऐवजी पीएनजी चित्रांच्या रूपात घ्यावं. पहाटे वीज गेली तरी झालेल्या फ्रेम हातात राहतात, आणि नोंद डिस्कवर असल्यामुळे उरलेल्या फ्रेम तिथूनच पुढे करता येतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं असेल तर बेक झालेला ध्वज `File`, `Export` मधून `Alembic` म्हणजे `.abc` स्वरूपात काढता येतो. त्यात कापडाचं गणित राहत नाही, दर फ्रेमचा आकार तेवढा राहतो.

काठी हलत असेल, किंवा ध्वजाऐवजी खांद्यावरचा शेला असेल तर?

विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाच्या पुढे ध्वजधारी मोठे भगवे ध्वज फिरवत असतात. तसा ध्वज करायचा तर ध्वजाला काठीचं पेरेंट द्यायचं आणि कीफ्रेम काठीला द्यायचे. पिन केलेले बिंदू काठीसोबत जातात, बाकीचं कापड त्यामागे ओढलं जातं. इथे वारा जवळजवळ लागतच नाही, पण वेग लागतो. एका फ्रेममध्ये काठी मीटरभर सरकत असेल तर दहा तुकडे अपुरे पडतात, `Quality Steps` २० पर्यंत न्यावं लागतं. पहिले वीसेक फ्रेम काठी स्थिर ठेवून मग हळूहळू वेग वाढवावा. पहिल्याच फ्रेमला काठी एका जागेवरून दुसरीकडे उडाली तर ध्वज तिथेच फाटतो.

पाठीवर उडणारा शेला किंवा सुपरहिरोची केप यांत फरक एवढाच की काठीची जागा माणूस घेतो. पिन फक्त खांद्यावरच्या बिंदूंना. शेल्याला हाडांची हालचाल मिळावी म्हणून `Armature` मॉडिफायर यादीत `Cloth` च्या वर असावा लागतो. आणि इथे अंगाला `Collision` टाळता येत नाही. मग पिन केलेले बिंदू अंगाच्या पृष्ठभागापासून तीन-चार सेंटिमीटर तरी वर ठेवायचे, कारण अंगाच्या `Collision` ची बाहेरची जाडी मुळात २ सेंटिमीटर असते आणि कापडाचं अंतर दीड. अंग म्हणून बोटं, दागिने, दाढी असलेलं पूर्ण पात्र देऊ नये. धड आणि हात एवढंच असलेलं साधं, न दिसणारं मॉडेल पुरतं, आणि शेला बोटांत अडकून बसत नाही.

कॅशचे नियम तिन्हींसाठी तेच. फक्त पात्राची चाल एका कीफ्रेमनेही बदलली, तर शेल्याचं जुनं बेक त्या चालीशी जुळत नाही. ते खोडून पुन्हा करावं लागतं, म्हणून चाल पूर्ण झाल्याशिवाय शेल्याला हात लावू नये.